दही घट्ट न्या, ताक तिथे घुसळा

ताई, नमस्कार. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. घरी दोन गाई आहेत, दूध डेअरीला 33 रुपयांनी जातं. तालुक्याचं गाव 6 किलोमीटरवर आहे. एप्रिल-मे महिन्यात तिथे ताक, लिंबू सोडा, उसाचा रस किंवा बर्फाचा गोळा यांपैकी काहीतरी विकावं असं मनात आहे. हाताशी 8-10 हजार रुपये आहेत. घरात लहान फ्रिज आहे, पण लाईट जाते. भीती एवढीच की उन्हात माल नासला किंवा कुणाला त्रास झाला तर काय? शिवाय बसायचं कुठे, तेही ठरत नाही. सासूबाई म्हणतात, ताक विकायची वस्तू नाही, ते मागणाऱ्याला द्यायचं असतं. काय करू?

नमस्कार. तुम्ही ताकच विका. दूध घरचं आहे म्हणून तर आहेच, पण मोठं कारण दुसरं आहे. या चारही गोष्टींत ताक एकच असं आहे की ज्यात बर्फाचा खडाही न टाकता ते थंडगार देता येतं. गोळ्यात तर बर्फाशिवाय दुसरं काहीच नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी खाण्यालायक पाण्याचा बर्फ रोज खात्रीने मिळणं अवघड. रसवंतीत बर्फ पडतोच, वर यंत्राला तुमचे सगळे पैसे लागतील आणि रस काढल्यावर काळा पडायला वेळ लागत नाही. लिंबाचे भाव ऐन उन्हाळ्यातच चढतात, आणि आधी पिळून ठेवलेला रस कडवट होतो. तेव्हा हे तिन्ही यंदा बाजूला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ताक घरून करून नेऊ नका. घट्ट दही न्या आणि तिथे थोडं थोडं घुसळा. मी तालुक्याच्या कोर्टाबाहेर सात उन्हाळे ताक विकलं, त्यातला तिसरा उन्हाळा मला हे शिकवून गेला. सकाळी 8 वाजता घरीच 20 लिटर ताक करायचं, मीठ-मसाला घालायचा, तोटीच्या डब्यात भरून न्यायचं, अशी माझी पद्धत होती. मे महिन्यात एका दुपारी नेहमीच्या एका पक्षकाराने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "ताई, आज चव वेगळीच आहे." डब्याचं झाकण उघडलं तर आतून फुस्स असा आवाज आला. वर बारीक फेस होता आणि वास आंबवून विसरलेल्या पिठासारखा. जवळजवळ 14 लिटर ताक मी गटारात ओतलं. घरी येऊन तोटी पहिल्यांदाच खोलली, तर वायसरच्या मागे पांढरा, बुळबुळीत थर बसलेला. रोज डबा घासत होते, तोटीतून पाणी सोडत होते, पण तोटी कधी उघडली नव्हती. रोजचं ताजं ताक त्या थरावरून येत होतं.

त्या दिवशी काय झालं ते नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. दही आंबट असतं, आणि तो आंबटपणाच त्याला जपतो. घट्ट दही थंड राहिलं तर दिवसभर टिकतं, फार तर थोडं आंबट होतं. तुम्ही त्यात दुप्पट पाणी घातलं की आंबटपणा पातळ होतो, आणि पाण्यातून, कोथिंबिरीतून, हातातून, तोटीतून बाहेरचे जंतू आत येतात. सोलापूरच्या 42-43 अंशांत त्यांना वाढायला दोन-तीन तास पुरे होतात. म्हणून घुसळलेलं ताक दोन तासांत संपलं पाहिजे. दही मात्र तुमच्या पेटीत शांतपणे वाट बघू शकतं. गिऱ्हाईक आलं नाही तर घुसळू नका, एवढं केलं तरी निम्मं नुकसान टळतं.

सुरुवात 5 लिटर दुधाने करा. संध्याकाळचं दूध चांगलं उकळा, निवू द्या, साय काढून घ्या. त्या सायीचं लोणी-तूप तुमचं वेगळं. साय काढली की ताकावर तुपकट ठिपके तरंगत नाहीत आणि ग्लासालाही ओशटपणा येत नाही. दूध कोमट झालं, म्हणजे करंगळी बुडवून सहन होतं, की लिटरला एक छोटा चमचा विरजण लावा. उन्हाळ्यात जास्त लावलं तर दही पहाटेपर्यंत आंबट ढाण होतं. मे महिन्यात 5-6 तासांत दही लागतं, म्हणून विरजण रात्री 9 ला न लावता 11 च्या सुमारास लावा. पहाटे 5 ला डबा तिरका करून बघा. दही काठापासून सुटून एकसंध हललं की लगेच फ्रिजमध्ये. लाईट नसेल तर घागरीच्या गार पाण्यात डबा ठेवून वर ओलं पोतं टाका, पण मग लवकरात लवकर बर्फात न्या.

गाई घरच्या आहेत म्हणून एक सांगते. गाईला दगडी झाली, कास सुजली आणि डॉक्टरांनी औषध दिलं, तर तिचं दूध या कामात घ्यायचं नाही. औषधाचा अंश दुधात उतरतो. विरजण कितीही लावा, दही लागत नाही किंवा पाणचट, तारेचं लागतं. किती दिवस दूध वगळायचं ते डॉक्टरांना त्याच वेळी विचारून घ्या, प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे असतात. ज्या दिवशी दही नेहमीसारखं लागलं नाही त्या दिवशी विक्रीला जाऊच नका.

दह्यापेक्षा पाण्याचीच काळजी जास्त. साडेचार लिटर दह्याला 9 लिटर पाणी जाणार, म्हणजे ग्लासात दोन भाग पाणीच असतं. कावीळ, टायफॉइड, जुलाब पसरतात ते बहुतेक याच वाटेने, आणि दह्याचा आंबटपणा त्यांना मारेल या भरवशावर राहू नका. आदल्या रात्री पाणी खळखळून उकळा, पूर्ण उकळी आल्यावर आणखी मिनिट-दोन मिनिटं राहू द्या. झाकण न काढता निवू द्या, मग झाकणाच्या स्टीलच्या कॅनमध्ये भरा. बाजारात मिळणाऱ्या थंड पाण्याच्या जारवर माझा विश्वास नाही. तो जार कुठून भरला ते तुम्हाला दिसत नाही, आणि जार आतून घासता येत नाही.

बर्फाचं असं करा. एक मोठी थर्माकोलची पेटी घ्या. तिच्यात दह्याचे घट्ट झाकणाचे दोन डबे आणि पाण्याचा कॅन ठेवा, आणि बर्फ त्यांच्याभोवती. पेटीतला बर्फ थंडाव्यासाठी आहे, तो ताकात पडत नाही. म्हणून कारखान्यातल्या लादीचा तुकडाही चालतो, फक्त वितळलेलं पाणी डब्यांच्या गळ्यापर्यंत चढू द्यायचं नाही. पेटीच्या तळाला छोटं भोक पाडून खाली नळी सोडा, पाणी आपोआप निघून जाईल. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा यासाठी त्यात निळा रंग घालायचा नियम 2018 मध्ये झाला. पण लादी पांढरी दिसली म्हणून ती खाण्याची आहे असं समजू नका. कुणी गिऱ्हाईक "बर्फ टाका की" म्हणालंच, तर सांगा की बर्फ टाकत नाही, ताक आधीच थंड आहे. माझ्याकडे असं म्हणणारेच पुढे घरच्यांना घेऊन यायचे.

बर्फ किती लागतो? 10 लिटर पाणी 30 अंशांवरून 10 अंशांवर आणायला साधारण सव्वादोन किलो बर्फ वितळतो. त्यापुढे दिवसभर उष्णता आत येत राहते, ती वेगळी. पाणी रात्रीपासून आणि दही पहाटेपासून फ्रिजमध्ये असेल तर 5-6 किलोत 5 लिटर दुधाचा दिवस निघतो. स्वयंपाकघरात वापरतात तो काडीचा तापमापक दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्याच. दह्याचा डबा 10 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

आता घुसळणं. 2 लिटर दही, 4 लिटर थंड पाणी, 35 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम भाजून कुटलेलं जिरं. आधी नुसतं दही रवीने मोडून घ्या, मग पाणी घाला, नाहीतर गुठळ्या राहतात. या 6 लिटरचे 180 मिलीचे 33 ग्लास होतात. हे ताक लहान तोटीच्या डब्यात, तोही बर्फात बसवलेला. संपत आलं की त्यातच नवीन ओतायचा मोह होतो, तो आवरा. जुनं तळाशी राहिलं की ते नव्याला विरजणासारखं लागतं आणि दुपारपर्यंत सगळंच चढतं. डबा पूर्ण रिकामा करा, उकळलेल्या पाण्याने खळबळा, मग दुसरा घाणा घाला. निवळी वर आली तर घाबरू नका, ते नासणं नाही, हलवलं की ताक एकजीव होतं. पण बुडबुडे वर येत असतील, झाकणाखाली हवा कोंडली असेल, चव कडवट असेल किंवा चमचा उचलल्यावर तार येत असेल, तर चाखून खात्री करत बसू नका, ओतून द्या.

कोथिंबीर, आलं, मिरचीचं वाटण हा मठ्ठ्याचा जीव आहे, आणि धोकाही तोच आहे. कोथिंबिरीच्या मुळाशी माती असते आणि ती गटाराच्या पाण्याने धुतलेलीही असू शकते. मुळं कापा, पानं तीन पाण्यांतून काढा, मग उकळत्या पाण्यात 15-20 सेकंद बुडवून लगेच उकळून गार केलेल्या पाण्यात टाका. रंग हिरवाच राहतो. वाटण रोजचं रोज, छोट्या डबीत, बर्फात. ते सगळ्या ताकात मिसळू नका. मागेल त्याच्या ग्लासात छोटा अर्धा चमचा घाला. साधं ताक मागणारेही पुष्कळ असतात, विशेषतः म्हातारी माणसं.

भांडी स्टीलचीच. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात ताक ठेवू नका. ॲल्युमिनियमही नको. मातीचा माठ दिसायला छान, पण त्याच्या छिद्रांत ताक मुरतं आणि तो आतून स्वच्छ होत नाही. तोटी रोज रात्री खोलायची, दात घासायच्या जुन्या ब्रशने वायसरच्या मागून घासायची, उकळत्या पाण्यात टाकायची आणि न जोडता कोरडी होऊ द्यायची. वायसर महिन्याला बदला.

ग्लास कागदी घ्या. प्लॅस्टिकचे एकदाच वापरायचे ग्लास 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. स्टीलचे ग्लास स्वस्त पडतात हे खरं, पण तुमच्याकडे तिथे नळ नाही. एका बादलीत दिवसभर बुचकळलेल्या ग्लासातून पिण्यापेक्षा गिऱ्हाइकाने न प्यालेलं बरं. आणि पैसे घेणारा हात वेगळा ठेवा. एकट्या असाल तर पैसे डब्यात टाकायला सांगा, सुट्टे त्यांनीच उचलू देत. शेजारी क्यूआर कोडचा फलक लावला की निम्मा प्रश्न सुटतो.

जागेबद्दल बहुतेकांची चूक होते ती गर्दी बघून. मी पहिल्या वर्षी एसटी स्टँडच्या दारासमोर बसले होते. दिवसाला हजारो माणसं समोरून जायची, पण ती गाडी पकडायला धावत असायची. 30 ग्लास जाताना मारामार. पुढल्या वर्षी कोर्टाच्या बाहेर कडुलिंबाखाली गेले. तिथे माणसं कमी, पण तारखेला आलेला माणूस पुकारा होईपर्यंत दोन-तीन तास उभा असतो. तिथे पहिल्याच आठवड्यात 80 च्या वर ग्लास गेले. म्हणून विक्री सुरू करायच्या आधी एक दिवस तालुक्याला नुसत्याच जा. 11 ते 1 तीन ठिकाणी अर्धा-अर्धा तास थांबा आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ सावलीत उभी राहणारी माणसं मोजा. तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचं कार्यालय, बँकेची रांग, दवाखान्याबाहेरचे नातेवाईक, ही थांबणारी माणसं. वडापाव किंवा भज्यांच्या गाडीजवळ जागा मिळाली तर आणखी चांगलं, तिखट खाल्लं की ताक हवंसं वाटतंच.

सावली सकाळी बघू नका, दुपारी 2 ला बघा. खरी विक्री 12 ते 4 मध्ये होते आणि तोवर ऊन पश्चिमेकडे झुकतं. म्हणजे इमारत किंवा झाड तुमच्या पश्चिमेला हवं. सकाळी सावलीत वाटणारी जागा दुपारी तापली तर पेटीतला बर्फ दीडपट वेगाने संपतो. उघडं गटार, मुतारी, कचराकुंडी, मटणाचं दुकान यांपासून लांब. गाड्या वळतात तिथली धूळही नको. एखाद्या दुकानदाराचा ओटा मिळतो का विचारा. त्याला रोज 20-30 रुपये किंवा घरच्यांसाठी ताक द्या. दुपारी त्याच्याकडून पाणी मिळेल, संध्याकाळी पेटी ठेवायला जागा मिळेल. रस्त्यावर बसायचं तर नगरपरिषदेत फेरीवाल्यांची नोंद कशी होते ते विचारा, 2014 च्या पथविक्रेता कायद्याने ती सोय केली आहे. एसटी स्टँडच्या आवारात परवानगीशिवाय बसू नका, पहिल्याच दिवशी उठवतील. आणि अन्नपदार्थ विकणाऱ्या लहानात लहान विक्रेत्यालाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते. ती foscos.fssai.gov.in वर होते. शुल्क फारसं नाही, सेतू केंद्रातूनही करून घेता येईल. नोंदणीचा कागद पेटीवर चिकटवा.

हिशोब तुमच्याच आकड्यांनी मांडते. 5 लिटर दूध डेअरीला घातलं असतं तर 165 रुपये आले असते, तो पहिला खर्च धरा. घरचं आहे म्हणून फुकट धरू नका. बर्फ 40, मसाला 30, गॅस 30, जाण्यायेण्याचे 60. झाले 325. कागदी ग्लास 80 पैशांना पडला आणि ताक 10 रुपयांना विकलं, तर एका ग्लासामागे 9 रुपये 20 पैसे राहतात. म्हणजे 36 वा ग्लास गेला की खर्च निघाला. साय काढून साडेचार लिटर दही, दुप्पट पाणी, थोडं सांडलं-लवंडलं, असे 70 ग्लास होतात. सगळे गेले तर साधारण 320 रुपये उरतील. ओट्याचे 20-30 द्यावे लागले तर ते यातून जातील. हे 320 दूध, गॅस सगळं वजा जाऊन. सलग तीन दिवस 2 च्या आत माल संपला, तरच दूध 10 लिटर करा. तेव्हा खर्च 560 च्या आसपास जाईल, 61 ग्लासांवर बरोबरी होईल, आणि 140 गेले तर सव्वासातशे हातात येतील. पण 10 लिटरचं दही लावून 60 च ग्लास गेले तर डेअरीला दूध घातलेलं बरं होतं असं होईल. आभाळ आलेल्या दिवशी आणि वळवाच्या पावसात विक्री निम्म्यावर येते, त्या दिवशी दही कमीच लावा.

तुमचे 8-10 हजार सगळे घालू नका. पेटी, तोटीचा डबा, दोन दह्याचे डबे, पाण्याचा कॅन, रवी, तापमापक, छत्री, टेबल, हे घरात जे नाही तेवढंच घ्या, साडेतीन-चार हजारांत बसवता येईल. बाकीचे पैसे पहिल्या महिन्यातल्या पडत्या दिवसांसाठी राहू देत.

उरलेल्याचं काय, हे विचारलं नाहीत पण लागेल. घुसळलेलं ताक घरी आणून दुसऱ्या दिवशी न्यायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवूनही नाही. चव आणि वास ठीक असेल तर संध्याकाळी कढी करून चांगली उकळा. न मोडलेलं, थंड राहिलेलं दही घरात खायला घ्या. त्याचं विरजण मात्र पुढे वापरू नका. दिवसभर उघड-झाक झालेल्या दह्यातून नको ते पुढच्या घाण्यात जातं. विरजणाची एक वाटी घरी वेगळी ठेवायची, ती बाजारात जायचीच नाही.

सासूबाईंचं म्हणणं मला परकं नाही. आमच्याकडेही शेजारचं पोर तांब्या घेऊन दारात आलं तर ताकाचे पैसे घेत नसत, माझी आई आजही घेत नाही. तुम्हीही गल्लीत घेऊ नका. ज्या तालुक्यात तुमच्या ओळखीचं कुणी नाही, जिथे दूध उकळण्यापासून ग्लासापर्यंतचे कष्ट आणि बर्फ-पाण्याचा खर्च तुमचा आहे, तिथे 10 रुपये घेण्यात मला काही गैर वाटत नाही. ऊन लागून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला एखादा ग्लास तसाच दिलात तर हिशोबात तो आधीच सांडलं-लवंडलं मध्ये धरलेला आहे. सासूबाईंना हे सांगा, आणि विरजणाची ती वाटी त्यांच्याच हाती द्या. पहाटे 5 ला दही लागलं की नाही, आंबटाकडे झुकलंय का, हे त्यांना बोट लावून कळतं. तुम्हाला आणि मला त्यासाठी डबा तिरका करून बघावा लागतो.